मामांचा बूट घट्ट का हवा होता?

नव्या पेठेतल्या दुकानात मामांनी आठ नंबरचा बूट घातला, दोन पावलं टाकली आणि खूश होऊन म्हणाले, "हा बसला बघ. सैल असला की निसटतो की!" सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायची म्हणून त्यांना बूट हवा होता. मधुमेह चौदा वर्षांचा. मी तो बूट परत ठेवायला लावला, कारण मामांना तो 'बसला' असं वाटत होतं तीच काळजीची गोष्ट होती.

साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या टोकाकडच्या मज्जातंतूंची झीज होते. डॉक्टर नायलॉनचा एक जाड धागा तळव्यावर टेकवतात. तो साधारण 10 ग्रॅम जोराला वाकतो. मामांना अंगठ्याखाली तो टेकलेला कळलाच नव्हता. असा पाय हलका स्पर्श ओळखत नाही, म्हणून माणूस नकळत घट्ट बूट निवडतो. आवळल्यावरच त्याला पायात काहीतरी आहे असं वाटतं. तुमच्या-माझ्या पायाला बूट चावला की आपण लंगडतो, बूट काढतो. मामा मात्र तासभर चालत राहतील आणि दाबाखालच्या कातडीला रक्त कमी पडत जाईल. जखम झालेली कळते ती मोज्यावर डाग दिसल्यावर.

म्हणून माप पायाला विचारून घ्यायचं नाही, कागदावर घ्यायचं. तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. मामांना कागदावर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायला लावला आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढली. मोठा निघाला उजवा पाय: लांबी 26 सेंटिमीटर, बोटांच्या मुळाशी रुंदी 10.5. मग त्या आठ नंबरच्या बुटातलं आतलं पॅड काढून कागदावर ठेवलं. त्याच जागी त्याची रुंदी 9.3 भरली. म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून 1.2 सेंटिमीटर, जवळजवळ अर्धा इंच मांस कुठेतरी दाबलं जाणार होतं.

दुकानदार म्हणाले, "मग दहा नंबर घ्या ना काका." बहुतेक घरांत इथेच चूक होते. दहा नंबरमध्ये मुख्यतः लांबी वाढते, रुंदी थोडीच. पाय पुढे-मागे सरकतो, टाच घासते. आतली लांबी पायापेक्षा 1 ते 2 सेंटिमीटर जास्त असावी, एवढंच. मामांना 27 ते 28 सेंटिमीटर लांबीचा, पण रुंद साच्याचा बूट हवा होता. काही कंपन्या एकाच नंबरात वेगवेगळ्या रुंदीचे बूट काढतात. न्यू बॅलन्सच्या बुटांवर ही रुंदी 2E, 4E अशी लिहिलेली असते. ऑर्थोफीट, डॉ. कम्फर्ट या खास मधुमेहींच्या पायांसाठी बूट करणाऱ्या कंपन्या. त्यांच्या बुटांना आत खोलीही जास्त असते, म्हणजे जाड पॅड घातलं तरी बोटं वर दाबली जात नाहीत. आपल्याकडे एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल मिळते. त्या रबराचा वापर वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी झाला होता. पण खोक्यावर 'डायबेटिक' छापलंय म्हणून विकत घेऊ नका. मोजपट्टी लावाच.

मऊपणाचंही तसंच. अंगठ्याने पॅड दाबा. ते दबायला हवं आणि सोडल्यावर पुन्हा वर यायला हवं. अंगठ्याला थेट खालचा कडक तळ लागला, तर मामांच्या वजनाखाली ते पॅड असून नसल्यासारखंच. दुकानात गादीसारखे वाटणारे बूट पुष्कळदा असेच असतात. मऊपणा आतल्या पॅडला हवा, खालचा तळ मात्र टणक हवा. दोन्ही हातांनी बूट पिळून बघा, ओल्या फडक्यासारखा पिळला गेला तर नको. वाकायचा तो बोटांच्या मुळाशीच वाकावा, मधोमध नाही.

शिवणीसाठी मी हातात पातळ नायलॉनचा मोजा चढवून बुटात हात घातला. डाव्या बुटात करंगळीच्या जागी मोजा अडकला. शिवण आतून दुमडून तिथे एक गाठ राहिली होती, बाहेरून काही दिसत नव्हतं. मामांनी स्वतः हात घातला आणि म्हणाले, "अगं, हे पायाला कुठं लागलं मला?" ती जोडी परत ठेवली. तिसऱ्या दुकानात आतून सलग अस्तर असलेला, वेल्क्रोचा रुंद बूट मिळाला.

पहिल्या दिवशी तो घरातच अर्धा तास घातला, मग मोजे काढून मामींनी तळवे आणि बोटांच्या फटी पाहिल्या. करंगळीच्या बाजूला लाली होती, वीस मिनिटांनी ती गेली. तशीच राहिली असती तर बूट बदलून आणणार होतो. पायाला आधीच जखम असेल, पूर्वी होऊन गेली असेल किंवा बोटं वाकडी झाली असतील, तर दुकानातला कोणताही बूट पुरणार नाही. पाय डॉक्टरांना दाखवून बूट मापाने करून घ्यावा लागतो.

आता मामा रोज बूट घालण्याआधी तो उलटा करून आपटतात आणि आत हात फिरवतात. परवा त्यातून शर्टाचं एक तुटकं बटण पडलं.