दारातल्या बाईंचा चेहरा

नव्या शाळेच्या दारात आईचं बोट घट्ट धरून उभं राहिलेलं मूल गप्प असलं, तरी त्याचा मेंदू कामाला लागलेला असतो. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. समोरचा नवा माणूस भरवशाचा की धोक्याचा, हे ताडण्यात त्याचा मोठा वाटा असतो. सगळ्याच मुलांना हे होतं, पण काहींचा अमिग्डला जन्मतःच जास्त सावध असतो. हार्वर्डच्या जेरोम कॅगन यांना चार महिन्यांच्या बाळांमध्येही हा फरक दिसला होता; नव्या गोष्टीने चटकन बिथरणारी बाळं साधारण पाचात एक निघाली. तेव्हा ‘लाडावून ठेवलंय’ हा शेरा बऱ्याचदा अन्यायाचा असतो.

मग दारात उभ्या बाईंच्या साध्या ‘ये रे’ने काय होतं? अमेरिकेत मेगन गनर यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. नऊ महिन्यांच्या बाळांना आईपासून अर्धा तास दूर, अनोळखी बाईजवळ ठेवलं. काही बाया बाळाशी बोलत, खेळत होत्या. काही आपल्याच कामात, बाळ रडलं तरच लक्ष देणाऱ्या. बाळांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. कामात गुंतलेल्या बाईजवळ ते वाढलं, प्रेमळ बाईजवळ वाढलं नाही. आई दोन्हीकडे नव्हतीच! ही बाळं होती, शाळकरी मुलं नव्हेत, हे खरं. पण परक्या माणसाच्या वागण्यानेही ताण आवरतो, एवढं त्यातून कळतं.

आता सहा वर्षांची एक लाजरी मुलगी डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये आपल्याकडे बऱ्याच शाळांत प्रवेशोत्सव होतो: ढोल, फुगे, गुलाबाचं फूल. बिनधास्त पोरं त्यात रमतात. हिच्यासाठी मात्र तो गोंगाट आणखी दहा अनोळखी गोष्टींची भर. तिला हवी एकच बाई, जी गुडघ्यावर बसून, जरा बाजूने, हळू आवाजात म्हणेल, “आलीस सई? तुझी जागा खिडकीजवळ आहे, चल दाखवते.” नाव बाईंना आधीच ठाऊक आहे, पुढे काय होणार ते कळलं, आणि उत्तर द्यायची सक्ती नाही. “नाव काय तुझं? बोल ना, लाजतेस काय!” इथे शब्द गोडच आहेत, पण ती सगळ्यांसमोरची परीक्षा होते. मुलगी आईच्या पदराआड गेली, नजर चुकवली, अंग ताठ केलं, तर घाई झाली असं समजावं आणि मागे सरावं.

हे रोज व्हायला हवं, शक्यतो त्याच बाईंकडून. चेहरा ओळखीचा होतो तसा धसका कमी होत जातो. सुरुवातीचे काही आठवडे मूल वर्गात अबोल राहिलं, तर एवढ्यात चिंता नको. घरी भरभरून बोलणारं मूल पहिला महिना उलटल्यावरही शाळेत तोंड उघडत नसेल आणि हे महिनाभर तसंच चाललं, तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.