एसएफडी शून्यावर आली, तरी उत्तर चुकलेले असू शकते

राजारामपुरीतल्या जुन्या घरांकडे पाहिले, की भिंतीच्या पुढे आलेला एखादा सज्जा दिसतोच. त्याला पेलणारी तुळई दोन ठिकाणी टेकलेली असते आणि तिचे एक टोक मोकळे बाहेर राहते. 'स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स'च्या पेपरात हीच तुळई 'ओव्हरहँगिंग बीम' या नावाने येते. कोल्हापुरात शिकवणी घेताना माझ्या पाहण्यात आले आहे, की या प्रश्नात मुलांची आकृती सहसा सुबक असते, पण पडताळा मात्र असा घेतलेला असतो, की तो चूक पकडूच शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. तुळईचा आधार A डाव्या टोकाला आहे, आधार B त्यापासून ६ मीटरवर आहे आणि मोकळे टोक C हे B च्या पुढे २ मीटरवर आहे. A ते B या भागावर दर मीटरला १० किलोन्यूटन असा समान पसरलेला भार, म्हणजे यूडीएल आहे, तर C वर १५ किलोन्यूटनचा बिंदूभार आहे. यूडीएलचा एकूण भार ६० किलोन्यूटन असून तो A पासून ३ मीटरवर एकवटला आहे असे रिॲक्शन काढताना मानता येते. A भोवती मोमेंट घेतल्यास B ची रिॲक्शन गुणिले ६ बरोबर ६० गुणिले ३ अधिक १५ गुणिले ८, म्हणजे ३००. यावरून B ची रिॲक्शन ५० येते आणि एकूण ७५ मधून ती वजा केल्यावर A ची रिॲक्शन २५ किलोन्यूटन उरते.

आता समजा, घाईत C च्या भाराचे अंतर A पासून न मोजता B पासून मोजले गेले आणि ८ च्या जागी २ लिहिले गेले. मग बेरीज २१० होते, B ची रिॲक्शन ३५ येते आणि A ची ४०. विद्यार्थी पडताळा घेतो: ४० अधिक ३५ बरोबर ७५, म्हणजे जुळले. शिअर फोर्स डायग्रामही जुळते: A पाशी ४०, B च्या किंचित डावीकडे उणे २०, B ओलांडल्यावर १५ आणि C वर शून्य. तरीही उत्तर साफ चूक आहे. A ची रिॲक्शन ७५ मधून वजाबाकी करूनच काढली असल्याने बेरीज ७५ येणारच होती, आणि एसएफडीचे शून्यावर येणे हे त्याच बेरजेचे चित्र आहे. मुलांना ही गोष्ट सांगितली, की आधी पटत नाही.

चूक उघडी पडते ती बेंडिंग मोमेंटमध्ये. B पाशी डावीकडून मोमेंट काढला, तर ४० गुणिले ६ उणे ६० गुणिले ३, म्हणजे अधिक ६० येतो. उजवीकडून पाहिले, तर १५ गुणिले २, म्हणजे उणे ३०, कारण टोकावरचा भार तुळईला B वर पाठ उंचावून वाकवतो. एकाच छेदावर दोन उत्तरे असू शकत नाहीत. खऱ्या रिॲक्शन घेतल्या, की डावीकडून २५ गुणिले ६ उणे १८०, म्हणजे उणे ३० येतात आणि दोन्ही बाजू जुळतात. म्हणून रिॲक्शन काढल्याबरोबर, आकृतीला हात लावण्याआधीच, जो बिंदू वापरला नाही त्याच्याभोवती मोमेंट घ्यावा. इथे B भोवती २५ गुणिले ६ म्हणजे १५०, त्यात टोकाच्या भाराचे ३० मिळवले, की १८० होतात आणि यूडीएलचेही १८० असतात.

आकृती काढून झाल्यावर दुसरा पडताळा क्षेत्रफळाचा, कारण दोन छेदांमधल्या एसएफडीचे क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्या लांबीत बेंडिंग मोमेंटमध्ये झालेला बदल. शिअर २५ वरून दर मीटरला १० ने उतरतो, म्हणून तो २.५ मीटरवर शून्य होतो. तिथवरच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ ३१.२५ आहे आणि तोच किलोन्यूटन-मीटरमधला सर्वांत मोठा धन मोमेंट आहे. पुढचा ३.५ मीटर लांबीचा आणि ३५ उंचीचा त्रिकोण ६१.२५ वजा करतो, त्यामुळे B वर उणे ३० येतात. शेवटचा आयत, १५ गुणिले २, तेवढेच ३० भरून काढतो आणि C वर मोमेंट शून्य होतो. चुकीच्या रिॲक्शन घेतल्या असत्या, तर C वर शून्याऐवजी ९० उरले असते, आणि मोकळ्या टोकाला बाहेरून कपल दिलेला नसताना तिथे मोमेंट असणे शक्यच नाही.

बेंडिंग मोमेंट A पासून ५ मीटरवर चिन्ह बदलतो, कारण २५x - ५x² हे तिथे शून्य होते. त्या बिंदूच्या पुढे तुळई वरच्या बाजूने ताणली जाते, आणि म्हणूनच आरसीसी तुळईत मुख्य सळया B वर वरच्या बाजूला लागतात.

हे सगळे पडताळे मात्र आपण वाचलेल्या भारांवरच चालतात. पेपरात यूडीएल C पर्यंत असताना तो B पर्यंतच धरला, तर दोन्ही बाजूंचे मोमेंट जुळतील, क्षेत्रफळे जुळतील, C वर शून्यही येईल. फक्त सोडवलेले गणित वेगळे असेल. त्यामुळे भार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे प्रश्नपत्रिकेतल्या आकृतीशी बोट ठेवून एकदा पाहावेच लागते.