गरम पाण्यात केशराचा रंग कसा पाहावा

केशराची काडी लाल असते, पण ती पाण्याला रंग देते तो पिवळा. क्रोसिन हे तिच्यातले रंगद्रव्य काडीत दाट साठलेले असते तेव्हा गडद लाल दिसते आणि पाण्यात विरळ झाले की सोनेरी पिवळे. म्हणून पाणी लाल किंवा गुलाबी झाले, तर केशराखेरीज दुसरा रंग त्यात आहे असे समजावे.

परीक्षेसाठी काचेचा पारदर्शक ग्लास घ्या आणि तो पांढऱ्या कागदावर ठेवा. त्यात १०० मिली पाणी हवे, ६० ते ७० अंश सेल्सिअसचे, म्हणजे वाफ दिसते पण बुडबुडे येत नाहीत असे. उकळते पाणी वापरू नका. त्यात सगळ्याच काड्या भराभर रंग सोडतात आणि जो वेगातला फरक पाहायचा, तोच दिसेनासा होतो. पाकिटातून दहा अखंड काड्या निवडा. तळाशी साठलेला चुरा घेऊ नका, कारण चुरा अस्सल असला तरी पाणी क्षणात पिवळे करतो आणि उगाच शंका येते. काड्या पाण्यावर सोडा आणि चमचा लावू नका.

अस्सल काडी घाई करत नाही. पहिल्या मिनिटात तिच्यापासून पिवळ्या रंगाच्या बारीक रेघा खाली उतरताना दिसतात, बाकी पाणी जवळजवळ स्वच्छच असते. पाचेक मिनिटांत काड्यांभोवती पिवळेपणा दाटतो आणि दहा ते पंधरा मिनिटांत तो पाणीभर पसरतो. एवढे होऊनही काडी लालच राहते. रंग चढवलेल्या मालाचे उलटे असते. रंग वरवर बसलेला असल्याने अर्ध्या मिनिटातच लाल-नारिंगी ढग उठतो आणि थोड्या वेळाने काडी फिकी, कधी अगदी पांढुरकी पडते.

पंधरा मिनिटांनी काड्या चिमट्याने बाहेर काढा आणि कागदावर पसरून पाहा. हे टाळू नका, कारण करडईच्या फुलांतला पिवळा रंगही पाण्यात उतरतो आणि नुसत्या पाण्यावरून फसगत होऊ शकते. भिजून फुगलेली केशराची काडी एका टोकाला बारीक असते, दुसऱ्या टोकाकडे तुतारीसारखी रुंदावते आणि तिथे तिची कडा दातेरी दिसते. करडईची पाकळी म्हणजे बारीक नळी, तिच्या टोकाला पाच अरुंद पाती. मक्याच्या कणसाचे रंगवलेले केस असतील तर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीचे असतात, तुतारी कुठेच नसते. काडीच्या खालच्या टोकाला पिवळट-पांढरा भाग राहिलेला असेल तर ती भेसळ नव्हे. तोही फुलाचाच भाग आहे, पण रंग फारसा देत नाही. असे भाग जितके जास्त, तितका त्याच वजनात रंग कमी.

दोन पाकिटे अस्सल असूनही एकात रंग जास्त का, हेही घरी मोजता येते. दोन्हींतल्या सारख्या लांबी-जाडीच्या दहा-दहा काड्या, सारखे पाणी आणि सारखीच वेळ घ्या. ग्लास झाकून अंधाऱ्या जागी तासभर ठेवा. पंधरा मिनिटांत सगळा रंग उतरलेला नसतो आणि उजेडात क्रोसिन फिके पडत जाते. मग काड्या काढून पाणी ढवळा आणि गडद पाण्यातले दोन चमचे एका छोट्या ग्लासात घ्या. फिक्या पाण्याचे तीन चमचे तशाच दुसऱ्या ग्लासात घ्या. आता गडद पाण्यात साधे पाणी थोडे-थोडे घाला आणि दोन्ही ग्लास शेजारी धरून बाजूने पाहा. एक चमचा पाणी घातल्यावर दोन्ही रंग सारखे दिसले, तर गडद पाण्याचे दोनाचे तीन चमचे झाले, म्हणजे त्या केशरात साधारण दीडपट रंग आहे. हा अंदाज ढोबळ असतो, कारण काड्यांची जाडी कमी-जास्त असते. साध्या काट्यावर दहा काड्या तोलून उपयोग नाही. त्यांचे वजन जेमतेम ०.०२ ग्रॅम भरते आणि काट्याची चूकच तेवढी असते.

रंग कमी निघाला म्हणजे केशर बनावट, असे नाही. जुन्या किंवा दमट, उजेडाच्या जागी ठेवलेल्या केशरातले क्रोसिन हळूहळू नष्ट होते. अशी काडी लाल न राहता तपकिरी दिसू लागते आणि पाणी मंद पिवळे होते.

एक गोष्ट मात्र पाण्याने कळत नाही. जुन्या अस्सल काड्यांना टार्ट्राझिनसारखा पिवळा कृत्रिम रंग बेताने लावला, तर आकारही बरोबर दिसतो आणि पाणीही पिवळेच होते. अशा वेळी प्रयोगशाळेतच तपासणी हवी. आयएसओ ३६३२ या मानकानुसार ४४० नॅनोमीटर तरंगलांबीला रंगशक्ती मोजतात आणि पहिल्या प्रतीच्या केशरासाठी ती किमान २०० लागते. आमच्या मालाबद्दल शंका आली, तर भिजवलेल्या काड्या टाकू नका. त्या कागदावर वाळवा आणि पाकिटावरच्या लॉट क्रमांकासह, न भिजवलेल्या थोड्या काड्यांबरोबर आमच्याकडे द्या.