तिसऱ्या चाचणीत किती मार्क पाडायचे?

कर्वे रस्त्यावरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी अंतर्गत मार्कांसाठी यंदा वेगळा नियम लावला. सत्रात शंभर-शंभर मार्कांच्या तीन चाचण्या, पण त्यांची सरासरी काढायची नाही. तिन्ही मार्क चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला आकडा अंतिम मार्क म्हणून धरायचा. दहावीच्या पुस्तकात आपण ज्याला मध्यक म्हणतो, तोच हा.

दोन चाचण्या झाल्यावर एक मुलगी त्यांना विचारायला आली. तिला 46 आणि 68 मिळाले होते.

"मॅडम, मला शेवटी साठ हवेत. तिसऱ्या चाचणीत किती पाडावे लागतील?"

"साठ."

"नाही मॅडम, अंतिम साठ म्हणतेय मी. तिसऱ्या चाचणीत किती?"

"तेच सांगतेय. साठ."

मुलीचा गोंधळ होणं साहजिक होतं, कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सरासरीचा हिशोब बसलेला असतो. सरासरी साठ हवी तर तिन्हींची बेरीज 180 हवी. हाती 114 आहेत, म्हणजे उरलेले 66 पाडायला हवेत. पहिल्या चाचणीत जे गमावलं ते शेवटच्या चाचणीत भरून काढायचं, ही सवय आपल्याला शाळेपासून लागलेली असते. मध्यकाच्या नियमात भरून काढण्यासारखं काही नसतंच.

ते का, हे बघू. मधला मार्क साठ किंवा त्याहून वर असायचा तर सगळ्यांत मोठा मार्कही साठ किंवा त्याहून वर असणारच. म्हणजे तिन्हींपैकी किमान दोन मार्क साठ किंवा जास्त हवेत. उलट बाजूनंही हे खरं आहे: दोन मार्क साठच्या वर गेले, की तिसरा कितीही खाली असो, मधला साठच्या खाली येऊच शकत नाही. त्यामुळे बेरीज-वजाबाकी करायची गरजच उरत नाही. किती चाचण्यांनी साठ गाठले एवढंच मोजायचं. या मुलीच्या दुसऱ्या चाचणीनं गाठले आहेत, पहिलीनं नाहीत. आणखी एक हवी, आणि ती तिसरीच असू शकते. म्हणून तिसऱ्या चाचणीत साठ, ना एक कमी ना एक जास्त. पहिल्या चाचणीत 46 ऐवजी 12 मिळाले असते तरी उत्तर साठच आलं असतं. सरासरीच्या हिशोबात मात्र तिला शंभरपैकी पूर्ण शंभर पाडावे लागले असते.

इथपर्यंत वाचून हा नियम फार दयाळू वाटेल. पण आता समजा, तिला साठ नाही, सत्तर हवेत. सरासरीच्या नियमात तिसऱ्या चाचणीत 96 पाडले तर सत्तर मिळतात. अवघड आहे, पण वाट उघडी आहे. मध्यकाच्या नियमात ती वाट दुसऱ्या चाचणीनंतरच बंद झाली. सत्तर गाठणाऱ्या दोन चाचण्या हव्यात आणि आतापर्यंत एकीनंही ते गाठलेले नाहीत. तिसरीत शंभर मिळाले तरी 46, 68 आणि 100 यांतला मधला 68च राहणार.

तळाशीही असंच घडतं. तिसरी चाचणी पार बिघडली, शून्य मिळालं, तरी मधला मार्क 46. म्हणजे पहिल्या दोन मार्कांनी एक खालची हद्द आखली, 46, आणि एक वरची, 68. तिसरा मार्क या दोन्हींच्या मध्ये पडला तर तो स्वतःच अंतिम ठरतो. खाली पडला तर 46, वर गेला तर 68. शेवटच्या चाचणीबद्दल जे काही विचारता येईल, त्याचं उत्तर या तीन वाक्यांत आहे.

मला या नियमातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि तीच त्याची दुखरी बाजूही आहे. एखादी चाचणी तापात दिली, बस चुकल्यामुळे अर्धा तास उशिरा पोचला, तर तो एक वाईट मार्क नियम सहज गिळून टाकतो. पण ज्याला पहिल्या दोन चाचण्यांत 64 आणि 66 मिळाले, त्याच्यासाठी तिसऱ्या चाचणीत फक्त दोन मार्कांचा खेळ उरतो. दोन्हींत 65 मिळाले असतील तर तेवढाही नाही. निकाल लागलेलाच आहे. सातत्य ठेवणाऱ्या मुलालाच शेवटच्या चाचणीला अभ्यास करायचं कारण उरत नाही, आणि हुशार मुलं हे चटकन ओळखतात. शेवटच्या चाचणीत अभ्यासक्रमाचा सर्वांत अवघड भाग असेल, तर माझ्या मते शिक्षकांनी हा नियम वापरू नये, किंवा त्या भागाचे मार्क वेगळे धरावेत.

चाचण्या एकाच मापाच्या नसतील तर आधी टक्के काढावे लागतात, नाहीतर मधला आकडा निरर्थक होतो. वीसपैकी 13, वीसपैकी 15 आणि पन्नासपैकी 31 यांतला मधला आकडा 15 दिसतो. टक्क्यांत तेच मार्क 65, 75 आणि 62 आहेत, आणि खरा मधला 65, म्हणजे पहिल्या चाचणीचा. पन्नास मार्कांची चाचणी शेवटी असेल आणि सत्तर टक्के हवे असतील, तर तिच्यात 35 पाडायचे, एवढाच हिशोब.

खरी फसगत होते ती गैरहजर मुलांच्या बाबतीत, आणि तीही संगणकावर. एक्सेलमध्ये बी, सी, डी या रकान्यांत तीन मार्क भरले, की सूत्र सोपं असतं:

```
=MEDIAN(B2:D2)
```

गैरहजर मुलाचा रकाना रिकामा सोडला किंवा तिथे AB लिहिलं, तर हे सूत्र तो रकाना मोजतच नाही. मग उरतात दोनच आकडे, आणि दोन आकड्यांचा मध्यक म्हणजे त्यांची सरासरी. 46 आणि 68 मिळवून तिसऱ्या चाचणीला न आलेल्या मुलाला त्यामुळे 57 पडतात. त्याच मार्कांवर असलेला त्याचा मित्र चाचणीला बसला आणि 50 मिळवले, तर त्याला 50च मिळणार. जो घरी बसला तो सात मार्कांनी पुढे! सूत्र चुकलेलं नसतं. आपण तिथे शून्य भरलं नाही, एवढंच. शून्य भरलं की त्याचे मार्क 46 होतात.

अशी गडबड शोधायला एक सोपी खूण आहे. तीन आकड्यांचा मध्यक हा नेहमी त्या तिन्हींपैकीच एक असतो, त्यात नवा आकडा तयार होत नाही. म्हणून तर या पद्धतीत अपूर्णांक वर धरायचे की खाली याची भांडणं होत नाहीत. यादीवरून नजर फिरवताना एखाद्या मुलाचा अंतिम मार्क त्याच्या तिन्ही चाचण्यांपैकी एकाशीही जुळत नसेल, तर त्या ओळीत एखादा रकाना रिकामा आहे किंवा आकड्याऐवजी अक्षरं आहेत, असं समजावं. पण रिकाम्या रकान्याशेजारचे दोन्ही मार्क सारखेच असतील, तर ही खूण दिसत नाही. अशा मुलाच्या बाबतीत मात्र शून्य भरलं काय आणि रकाना रिकामा राहिला काय, उत्तर बदलत नाही.