शिकवतानाचा कन्सेप्ट मॅप आणि परीक्षेतला कन्सेप्ट मॅप: दिसतात सारखे, पण काम वेगळं

प्रकाशसंश्लेषण आणि पेशीय श्वसन हे युनिट घ्या. फळ्यावर कन्सेप्ट मॅप काढून शिकवलं आणि मग युनिट टेस्टला 'कन्सेप्ट मॅप काढा' असा प्रश्न टाकला, की आपण एकच साधन दोनदा वापरलं असं वाटतं. खरं तर ती दोन वेगळी साधनं आहेत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी मॅप म्हणजे काय ते पक्कं करूया: चौकटींत संकल्पना आणि त्यांना जोडणारे बाण. जोसेफ नोवाक आणि त्यांच्या टीमने 1970 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात ही पद्धत आणली, आणि तिचा जीव चौकटीत नाही, बाणावरच्या शब्दांत आहे. 'हरितलवक' आणि 'ग्लुकोज' यांच्यात नुसती रेघ मारली तर काहीच कळत नाही, रेघेवर 'इथे तयार होतं' लिहिलं की वाक्य बनतं आणि ते चूक की बरोबर हे ठरवता येतं. बाण नुसतेच असतील तर ते फक्त चित्र (बरेच मॅप इथेच गळतात).

आता शिकवतानाचा मॅप. तो कच्चा असावा, खोडाखोडीचा असावा. समजा प्रश्न आहे 'झाडाला ऊर्जा कुठून मिळते?' आणि एका गटाने लिहिलं: ग्लुकोज, बाण, 'चं रूपांतर होतं', एटीपी. ही चूक फार कॉमन आहे आणि इथे लगेच लाल पेन काढायचं नाही. फक्त विचारायचं, ग्लुकोजमधले कार्बन मग गेले कुठे? मुलं थोडा वेळ अडकतात, मग कुणीतरी म्हणतं कार्बन डायऑक्साइडमध्ये, आणि मग लक्षात येतं की ग्लुकोजचं एटीपी होत नाही, ग्लुकोज मोडताना जी ऊर्जा सुटते तिचा काही भाग वापरून एडीपीपासून एटीपी बनतो. बाण पुसला जातो, नवीन वाक्य येतं. या मॅपला मार्क दिले तर मुलं चुका लपवायला लागतील, आणि आपल्याला तर नेमक्या त्याच बघायच्या असतात.

परीक्षेतला मॅप उलटा. तिथे मदत नाही, गट नाही, शब्दांची यादी सगळ्यांना सारखी आणि काय तपासणार ते आधीच ठरलेलं. मोठा धोका हा, की प्रश्न तोच ठेवला तर पोरं फळ्यावरचा मॅप पाठ करून उतरवतात आणि आपण स्मरणशक्ती मोजत बसतो. म्हणून युनिट तेच ठेवून प्रश्न बदलायचा: 'मातीखाली अंकुरणाऱ्या बीला ऊर्जा कुठून मिळते?' शब्द द्यायचे स्टार्च, ग्लुकोज, ऑक्सिजन, तंतुकणिका, एटीपी, कार्बन डायऑक्साइड, प्रकाशसंश्लेषण, सूर्यप्रकाश. ज्याने पाठ केलंय तो सूर्यप्रकाश थेट बीला जोडतो. ज्याला समजलंय तो लिहितो की आधीच्या झाडाने प्रकाशसंश्लेषणातून बनवलेलं अन्न स्टार्च म्हणून बीत साठलेलं असतं आणि श्वसनाला ऑक्सिजन लागतो, उजेड नाही. 'झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि फक्त रात्री श्वसन करतात' हा गैरसमज शिल्लक असेल तर तोही इथे बाहेर पडायची शक्यता असते, कारण मग मातीखालच्या अंधारालाच श्वसनाचं कारण बनवलं जातं.

मार्कांचं काय? नोवाक आणि गोविन यांच्या जुन्या पद्धतीत बरोबर वाक्याला 1, उतरंडीच्या प्रत्येक पातळीला 5 आणि दोन शाखा जोडणाऱ्या आडव्या दुव्याला 10 असे गुण सुचवलेत. मला वर्गात ते जड वाटतं, एका आडव्या दुव्याने दहा साध्या वाक्यांची बरोबरी होते. त्यापेक्षा प्रत्येक वाक्याला 0, 1 किंवा 2 द्या. 'ग्लुकोजचं एटीपी होतं' ला 0, 'ग्लुकोज एटीपीसाठी लागतं' ला 1 कारण चूक नाही पण मोघम आहे, आणि 'ग्लुकोज मोडून सुटलेल्या ऊर्जेने एटीपी बनतो' ला 2. बाणांची संख्या मोजायची नाही, नाहीतर 'शी संबंधित आहे' लिहून पान भरणारा पहिला येतो.

वेळ कमी असेल तर अर्धा भरलेला मॅप देऊन रिकाम्या चौकटी भरायला सांगता येतं, तपासायला झटपट. फक्त शेवटच्या दोन चौकटी उरलेल्या शब्दांवरून अंदाजाने भरता येतात, म्हणून यादीत एकदोन जादा शब्द टाका.

आणि एक मर्यादा दोन्हीकडे राहते. मॅपमध्ये दुवा नाही म्हणजे मुलाला तो माहीत नाही असं नाही, कदाचित त्याला तो लिहावासा वाटला नसेल. शिकवताना हे विचारून घेता येतं, परीक्षेत नाही. म्हणून 'तंतुकणिका' कुठेच न जोडलेला पेपर आला तर पेपर परत देताना त्या मुलाला तोंडी एक प्रश्न विचारा, आणि ज्या मुलांनी आधी कधीच मॅप काढलेला नाही त्यांची तर पहिल्याच टेस्टला या पद्धतीने परीक्षा घेऊच नका, कारण तेव्हा जीवशास्त्र कमी आणि मॅप काढायची सवय जास्त मोजली जाते.