दहा महिन्यांची सरासरी आणि साठ महिन्यांची

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची पेन्शन पूर्वी शेवटच्या ३६ महिन्यांच्या सरासरी पगारावर ठरायची. सत्तरच्या दशकात हा काळ १० महिन्यांवर आला. जुलैत वेतनवाढ मिळून नोव्हेंबरअखेर निवृत्त होणाऱ्याच्या दहा महिन्यांत फेब्रुवारी ते जूनचे पाच महिने जुन्या बेसिकचे आणि पाच नव्या बेसिकचे येतात, म्हणजे सरासरीत निम्मीच वाढ धरली जाते. सहाव्या वेतन आयोगानंतर तेवढीही खोट उरली नाही. शेवटचा पगार किंवा दहा महिन्यांची सरासरी, यातलं जे फायद्याचं ते धरायचं असं ठरलं.

खासगी कारखान्यातल्या कामगाराच्या वाट्याला मात्र उलटा प्रवास आला. १९९५ साली सुरू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेचं, म्हणजे ईपीएसचं, सूत्र साधं आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. ही सरासरी आधी शेवटच्या १२ महिन्यांची होती. १ सप्टेंबर २०१४ पासून ती ६० महिन्यांची झाली. त्याच दिवशी, ज्या पगारापर्यंत वर्गणी आणि पेन्शन मोजली जाते ती महिन्याची मर्यादा ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. सगळ्यांचं लक्ष त्या १५,००० वर गेलं, साठचा आकडा मागाहून टोचू लागला.

एक हिशेब करून पाहू. सप्टेंबर २०१४ नंतर लागलेला, बरोबर दहा वर्षं सेवा भरलेला एक कामगार घ्या. शेवटच्या पाच वर्षांत त्याचा बेसिक आणि महागाई भत्ता मिळून पगार १०, ११, १२, १३ आणि १४ हजार असा चढत गेला. जुनी पद्धत असती तर सरासरी १४,००० आणि पेन्शन २,००० रुपये. साठ महिन्यांची सरासरी येते १२,०००, पेन्शन १,७१४. महिन्याला २८६ रुपये गेले, तेही जन्मभर, कारण ईपीएसच्या पेन्शनला महागाई भत्ता नाही.

साठ महिन्यांच्या सरासरीचा मध्य निवृत्तीच्या अडीच वर्षं मागे पडतो, दहा महिन्यांचा जेमतेम पाच महिने. पगार जितका वेगाने चढतो तितकी ही अडीच वर्षं महाग पडतात. शेवटच्या वर्षी बढती मिळाली तर तिचा पाचवा हिस्साच सरासरीत उतरतो. उलट पाचही वर्षं ज्याची वर्गणी १५,००० च्या मर्यादेवरच भरली गेली, त्याला काहीच फरक पडत नाही. बारा काय नि साठ काय, सरासरी १५,०००च.

हे सरकारने का केलं? वर्गणी नोकरीभर त्या-त्या वेळच्या पगारावर भरली जाते, पेन्शन मात्र शेवटच्या पगारावर मोजली जाते. शेवटच्या वर्षी पगार फुगला की पैसे न भरलेल्या मागच्या वर्षांचीही पेन्शन फुगते. हा मुद्दा खोटा नाही. पण त्याची झळ मर्यादेखालच्या, दरवर्षी हजारभर वाढ मिळवणाऱ्या माणसालाही बसते, हे मला पटत नाही. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साठ महिन्यांची तरतूद कायम ठेवली. सरकारी बाजूला १ एप्रिल २०२५ पासूनच्या युनिफाइड पेन्शन स्कीममध्ये सरासरी धरली आहे ती १२ महिन्यांची.