डोमेन अंत्यपद : स्थानिक व्यवसायासाठी निवड

संकेतस्थळाच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारा भाग म्हणजे अंत्यपद. व्यवहारात त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. डॉट कॉमसारखी जुनी सर्वसाधारण, डॉट इनसारखी देशवाचक आणि २०१३ नंतर आलेली डॉट शॉप, डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर अशी नवी, हे त्याचे ढोबळ वर्ग होत. प्रस्तुत नोंद भारतातील एका गावात किंवा शहरात चालणाऱ्या लहान व्यवसायापुरती आहे. हवे ते नाव डॉट कॉममध्ये दुसऱ्याने घेतलेले आणि डॉट इनमध्ये मोकळे, हा प्रसंग अशा व्यवसायांवर वारंवार येत असल्याने त्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

डॉट कॉमचा पाया ऑक्टोबर १९८४ च्या आरएफसी ९२० या दस्तऐवजात घातला गेला. आधीच्या मसुद्यात या जागी ‘cor’ होते, ते पुढे ‘com’ झाले. अंत्यपद जानेवारी १९८५ मध्ये अस्तित्वात आले आणि १५ मार्च १९८५ रोजी symbolics.com हे त्यातील पहिले नाव नोंदले गेले. ते व्यापारी संस्थांसाठी योजलेले असले, तरी आज नाव घेणारा व्यापारी आहे की नाही हे कोणी तपासत नाही. त्याची रजिस्ट्री, म्हणजे त्यातील सर्व नावांची मुख्य नोंदवही, सध्या व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी चालवते.

डॉट इनच्या आरंभाबद्दल दोन तारखा आढळतात. जागतिक नोंदवहीत, म्हणजे आयएएनएच्या यादीत, ८ मे १९८९ ही तारीख आहे. काही लेखनात मात्र मोजणी १९९२ पासून केलेली दिसते. १९९२ ते २००४ या काळात सुमारे ७,००० नावे नोंदली गेल्याचे सांगितले जाते. पहिली तारीख अंत्यपद भारताकडे सोपवल्याची आणि दुसरी प्रत्यक्ष नोंदणीच्या काळाची असावी. तसे असेल तर दोन्हींत विरोध नाही, आणि आरंभ म्हणून १९८९ धरणेच सयुक्तिक ठरते. त्या काळी मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे हे काम होते. नियम कडक होते आणि व्यापारी संस्थेला सहसा co.in खाली नाव मिळे. अनेक जुन्या भारतीय कंपन्यांच्या पत्त्यात co.in दिसते, त्याचे मूळ येथे आहे. १ जानेवारी २००५ पासून नवे धोरण लागू होऊन व्यवस्था निक्सी या संस्थेच्या अखत्यारीत आली आणि नाव थेट .in खाली कोणालाही घेता येऊ लागले. co.in आजही स्वतंत्रपणे मिळते. त्यामुळे एकच नाव .in मध्ये एकाचे आणि co.in मध्ये दुसऱ्याचे असू शकते, हे खरेदीच्या वेळी बहुधा सुटून जाते.

नव्या अंत्यपदांसाठी आयकॅन या नियामक संस्थेने २०१२ मध्ये अर्ज मागवले, तेव्हा प्रत्येकी १,८५,००० डॉलर शुल्क भरून १,९३० अर्ज आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये कार्यान्वित झालेली पहिली चारही अंत्यपदे रोमनेतर लिपींतली होती. डॉट शॉपचा हक्क जपानच्या जीएमओ रजिस्ट्रीने २०१६ च्या लिलावात ४.१५ कोटी डॉलर देऊन मिळवला. ही रक्कम पुढे नावांच्या विक्रीतूनच वसूल व्हायची असते; दराच्या विचारात ते लक्षात ठेवावे.

शोधयंत्रातील स्थानाबद्दल दोन मते प्रचलित आहेत. नवी अंत्यपदे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत असे सुचवले जाते, की अंत्यपदातच ‘शॉप’ किंवा शहराचे नाव असल्यास दुकान वर दिसते. गूगलने २०१५ मध्ये स्पष्ट केले, की नवी सर्वसाधारण अंत्यपदे डॉट कॉमप्रमाणेच वागवली जातात आणि अंत्यपदातील शब्दाला वेगळा लाभ मिळत नाही. शहरवाचक अंत्यपदेही त्याला अपवाद नाहीत. देशवाचक अंत्यपद मात्र त्या देशासाठीचा संकेत मानले जाते. म्हणजे .in मुळे स्थळ भारतातील ग्राहकांसाठी आहे इतके कळते. दुकान भंडाऱ्यात आहे की नाशकात, हे कळत नाही. ते पानावरील पत्ता आणि नकाशावरील व्यवसायनोंद सांगते. दुसऱ्या मताला खुद्द शोधयंत्र चालवणाऱ्याचा आधार असल्याने तेच ग्राह्य धरावे.

आता मूळ प्रसंगाकडे. समजा, भंडारा जिल्ह्यात ‘वैनगंगा सायकल’ नावाचे एक कल्पित दुकान आहे आणि मालकाला waingangacycle.com हवे आहे. ते नाव गेलेले आहे, waingangacycle.in मोकळे आहे. प्रथम डॉट कॉमची नोंद lookup.icann.org येथे पाहावी. मे २०१८ पासून धारकाचे नाव व पत्ता बहुधा झाकलेला असतो, पण नोंदणीची तारीख, मुदत आणि स्थितिदर्शक शब्द दिसतात. clientTransferProhibited हा नेहमीचा सुरक्षाकुलूप आहे, त्यावरून काही निष्कर्ष काढू नये. redemptionPeriod दिसल्यास मुदत संपून नाव रद्द झालेले आहे आणि जुन्या धारकाला ते ३० दिवसांपर्यंत जादा दंड भरून परत मिळवता येते. त्यानंतर pendingDelete हा ५ दिवसांचा टप्पा लागतो आणि मग नाव सर्वांना खुले होते. चांगली नावे त्या क्षणी यंत्राद्वारे टिपणाऱ्या कंपन्या असल्याने नुसती वाट पाहण्यावर भिस्त ठेवू नये.

मग त्या नावावर काय आहे ते उघडून पाहावे. तेथे सायकलींचाच धंदा चालू असेल, तर डॉट इन घेणे हा उपाय नव्हे. ग्राहक आणि न्यायालय दोघेही ती नक्कल समजू शकतात, नावच बदलावे. तेथे वेगळा धंदा किंवा नुसते जाहिरातींचे पान असेल, तर डॉट इन घेण्यास हरकत नाही, पण एक गळती गृहीत धरावी लागते. काही ग्राहक सवयीने शेवटी com टाकतात. संकेतस्थळाच्या बाबतीत ते चुकीचे पान पाहून परत फिरतात. ईमेलच्या बाबतीत मात्र पत्र परक्याच्या हाती जाते. डॉट कॉमच्या धारकाने कोणत्याही नावाने आलेले पत्र एकाच पेटीत घेण्याची सोय ठेवली असेल, तर पाठवणाऱ्याला पत्र परत आल्याची सूचनाही मिळत नाही. ‘मी कोटेशन मागवले होते, उत्तर आले नाही’ अशी तक्रार आली, तरच मालकाला सुगावा लागतो. धोका आहे का, हे संगणकाच्या कमांड खिडकीत पुढील आज्ञा देऊन आधी पाहता येते :

```
nslookup -type=mx waingangacycle.com
```

उत्तरात mail exchanger आणि त्यापुढे सर्व्हरचे नाव अशी ओळ आली, तर ते डोमेन टपाल घेण्यासाठी मांडलेले आहे. ओळ आली नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण टपाल कोणत्या सर्व्हरवर द्यावे हे सांगणारी ही एमएक्स नोंद नसल्यास पाठवणारे सर्व्हर नियमानुसार डोमेनच्या साध्या पत्त्यावर पत्र देऊन पाहतात. धोका दिसल्यास कोटेशनची मागणी, बिले आणि ग्राहकांची कागदपत्रे ईमेलवर मागवण्याऐवजी संकेतस्थळावरील अर्जातून घ्यावीत, आणि पाटीवर पत्ता छापताना डॉट इन हा भाग बाकीच्या नावाइतकाच ठळक ठेवावा.

या दुकानाची दुसरी अडचण अंत्यपदाहून मोठी आहे. शासकीय लेखनात नदीचे नाव Wainganga असे असते. फोनवर ऐकणारा Vainganga लिहील. मराठी नावांत v आणि w, i आणि ee, a आणि aa यांची अशी अदलाबदल नेहमीची आहे. त्यामुळे खर्च करायचाच तर चार नवी अंत्यपदे घेण्यापेक्षा .in मध्येच दोन्ही स्पेलिंगे घेऊन एक दुसऱ्याकडे कायमस्वरूपी, म्हणजे ३०१ प्रकाराने, वळवावे. डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही मोकळी असतील तर दोन्ही घ्यावीत. मुख्य कोणते, हा गौण प्रश्न आहे. पाटीवर छापून झाल्यावर ते बदलू नये इतकेच.

दराच्या बाबतीत पहिल्या वर्षाची किंमत दिशाभूल करते. नूतनीकरणाचा दर पाहावा. डॉट कॉमच्या घाऊक दराला करारात मर्यादा आहे. सहा वर्षांच्या प्रत्येक टप्प्यात शेवटच्या चार वर्षांत दर साल कमाल ७ टक्के वाढ करता येते. १ सप्टेंबर २०२४ पासून तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. नव्या अंत्यपदांच्या प्रमाणित करारात अशी कमाल मर्यादा नाही. नूतनीकरणाचा दर वाढवण्यापूर्वी रजिस्ट्रीने रजिस्ट्रारांना, म्हणजे ग्राहकांना नावे विकणाऱ्या कंपन्यांना, १८० दिवसांची सूचना द्यावी, आणि त्या अवधीत जुन्या दराने दहा वर्षांपर्यंतचे नूतनीकरण करता यावे, एवढेच संरक्षण त्यात आहे. शिवाय ‘प्रीमियम’ ठरवलेल्या नावांना दरवर्षी चढा दर लागू शकतो. खरेदीच्या वेळी ती अट मान्य करून घेतलेली असते. नवे अंत्यपद घ्यायचेच असल्यास खरेदीच्या पडद्यावर नूतनीकरणाचा आकडा वेगळा दिसतो का, हे तपासूनच पुढे जावे.

वादाचे मार्गही अंत्यपदानुसार बदलतात. डॉट कॉम आणि नव्या अंत्यपदांना आयकॅनचे १९९९ चे वादनिवारण धोरण लागू होते. त्यात नाव दुष्ट हेतूने नोंदले गेले आणि वापरलेही जात आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. डॉट इनच्या आयएनडीआरपी या वादनिवारण धोरणात यांपैकी एक पुरेशी असते आणि निवाडा १९९६ च्या लवाद कायद्याच्या चौकटीत होतो. नव्या अंत्यपदांसाठी एक जलद प्रक्रियाही आहे, पण तिच्यात नाव केवळ निलंबित होते, तक्रारदाराला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरवले. लहान दुकानदाराने त्यावर फार विसंबू नये. वैनगंगा हे नदीचे नाव आहे, ते वापरण्याचा हक्क इतरांनाही असल्याने अशा नावावरील एकट्याचा दावा दुर्बळ राहतो. डॉट इनमध्ये धारकाचे नाव लपवणाऱ्या प्रॉक्सी सेवेला मुभा नाही. म्हणून संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नावावर नोंदणी होऊ न देता मालकाने ती स्वतःच्या नावाने व स्वतःच्या ईमेलवरून करावी.

देवनागरीतील .भारत हे अंत्यपद ऑगस्ट २०१४ मध्ये खुले झाले. मराठी त्यात पहिल्यापासून समाविष्ट आहे. पाटीवर ते सुबक दिसते आणि वैनगंगेच्या रोमन स्पेलिंगचा प्रश्न त्यात उरत नाही. तांत्रिक पातळीवर मात्र ते xn--h2brj9c असे साठवले जाते, आणि काही ठिकाणी दुवा चिकटवल्यावर हेच रूप दिसते. त्या नावाचा ईमेल पत्ता अनेक अर्जांत व जुन्या टपालसर्व्हरांवर स्वीकारला जात नाही, तेव्हा टपाल .in वर ठेवून .भारत त्याकडे वळवणे हा सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे.